नव्या मॅडम काय म्हणतात?

डॉक्टरांनी सकाळी राउंडला 'आज घरी जा' म्हणून सांगितलेलं असतं. पिशव्या भरून झालेल्या असतात, सलाईनची सुई निघालेली असते, आणि तरीही दुपारचे तीन वाजले तरी पेशंट खाटेवरच बसलेला असतो. कॅशलेस विमा असलेल्या बऱ्याच घरांनी हा अनुभव घेतलेला आहे. बिलिंगच्या खिडकीवर विचारलं की एकच उत्तर मिळतं, "इन्शुरन्सचं ॲप्रूव्हल यायचंय."

हे ॲप्रूव्हल जिथून यायचं असतं तिथेही माणसंच बसलेली असतात. विमा कंपनीच्या क्लेम विभागात बीएएमएस, बीएचएमएस झालेले डॉक्टर असतात, बिलं तपासणारी मुलं-मुली असतात आणि हॉस्पिटलांशी फोनवर बोलणारे असतात. काम चोवीस तास, तीन शिफ्टमध्ये चालतं. विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार पेशंट दाखल होताना कॅशलेसची विनंती आली की एका तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. त्यामुळे या विभागात घड्याळ सगळ्यांच्याच डोक्यावर असतं.

अशा विभागात नवी मॅनेजर येते तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने टीमसमोर काय बोलावं, हे एका उदाहरणातून पाहू. कंपनी काल्पनिक आहे, अडचणी मात्र या धंद्यातल्या कुणालाही ओळखीच्या वाटतील. पुण्यातला कॅशलेस विभाग, माणसं अकरा. आधीचे मॅनेजर चार महिन्यांपूर्वी सोडून गेले. तेव्हापासून टीममधले सर्वांत जुने डॉक्टर कारभार सांभाळताहेत, आणि मॅनेजरच्या जागेसाठी त्यांनीही अर्ज केला होता. नेमणूक झाली ती बाहेरून आलेल्या बाईंची. त्यांचा अनुभव क्लेमचाच आहे, पण शिक्षण कॉमर्सचं. म्हणजे डॉक्टर नसलेली बाई डॉक्टरांची मॅनेजर होणार. सोमवारी त्या रुजू होतील तोवर टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्यांचं लिंक्डइन प्रोफाइल फिरून झालेलं असतं. मॅडमनी स्वतःची ओळख करून देण्याआधी टीमने ती करून घेतलेली असते.

म्हणूनच पहिल्या मीटिंगमध्ये आपला बायोडेटा वाचून दाखवण्यात काही अर्थ नसतो. अकरा जणांच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. शिफ्ट बदलणार का? दिवाळीच्या रजा आधीच्या साहेबांनी तोंडी मंजूर केल्या होत्या, त्यांचं काय? अप्रेझल कोण लिहिणार, चार महिने ज्यांनी आपलं काम पाहिलं ते, की ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्या? आणि डॉक्टरांचा खास प्रश्न असा, की वैद्यकीय बाबीत शेवटचा शब्द कुणाचा? यातला एकही प्रश्न मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. "काही प्रश्न?" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि शांत राहतात. मॅडमना हे प्रश्न आधीच ओळखावे लागतात आणि न विचारताच त्यांची उत्तरं द्यावी लागतात.

त्यासाठी लागणारी माहिती रुजू होण्याआधी आपल्या वरिष्ठांकडून काढून घ्यायची असते. आधीचा माणूस का गेला, कुणाला काय शब्द दिला गेला आहे, अर्ज कुणी केला होता आणि त्यांना नकार कुणी व कोणत्या शब्दांत कळवला. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'अजून कळवलेलं नाही' असं निघतं. तसं असेल तर ते काम सोमवारच्या आत वरिष्ठांनीच करायला हवं. नव्या मॅनेजरच्या तोंडून 'तुम्हाला ही जागा मिळालेली नाही' हे ऐकण्याची पाळी कुणावर येऊ नये.

सोमवारची पहिली भेट टीमची नव्हे, तर या जुन्या डॉक्टरांची. वीस मिनिटं, दार लावून, सगळ्यांसमोर जाण्याआधी. इथे गुळमुळीत बोलणं सर्वांत घातक. "तुमच्याशिवाय या विभागाचं पानही हलत नाही असं ऐकलंय" हे वाक्य कानाला गोड लागतं, पण ज्याला जागा नाकारली गेली त्याला ते टोचतं. त्यापेक्षा सरळ बोललेलं बरं: "डॉक्टर, या जागेसाठी तुम्ही अर्ज केला होता हे मला माहीत आहे. चार महिने विभाग तुम्ही चालवलात. पुढे काय होईल याबद्दल मी आज काहीही कबूल करणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. पुढच्या महिन्याचा रोस्टर मात्र तुम्हीच लावावा अशी माझी इच्छा आहे, आणि तो लावताना मी शेजारी बसून शिकेन. आणखी एक विचारायचं होतं, घाईघाईत मी हात लावू नये अशी इथली कुठली गोष्ट आहे?" या बोलण्यात मान आहे, पण लाच नाही. डॉक्टर खूश होतीलच असं नाही. कदाचित त्यांनी दुसरीकडे मुलाखत देऊनही ठेवलेली असेल. तेही लवकर कळलेलं चांगलं.

मग टीमसमोरची ओळख. तीन शिफ्टच्या विभागात ती एकदाच करून भागत नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. सकाळची शिफ्ट सात ते तीन, दुपारची तीन ते अकरा, रात्रीची अकरा ते सात. अकरा वाजता केक कापून स्वागत झालं की ते फक्त सकाळच्या पाळीचं होतं. बाकीच्यांना मॅडम काय म्हणाल्या ते हँडओव्हरच्या गप्पांतून कळतं, आणि रात्रीच्या पाळीपर्यंत पोचेस्तोवर 'सध्या रोस्टर बदलणार नाही' याचं 'रोस्टर बदलणार आहे' झालेलं असतं. म्हणून मॅडमनी पावणेतीनला, दोन पाळ्या एकत्र असतात त्या अर्ध्या तासात, एकदा बोलावं आणि त्याच दिवशी रात्री पावणेअकराला रात्रीच्या लोकांशी पुन्हा बोलावं. शब्द तेच, कागद तोच. सोमवारी रात्री मॅनेजर फ्लोअरवर दिसली, ही गोष्टच रात्रपाळीत पुढे बरेच दिवस बोलली जाते.

बोलायचं किती? दहा मिनिटं पुरतात. साधारण असं:

"मी क्लेममध्ये बरीच वर्षं काम केलंय, बहुतेक बिलिंगच्या बाजूने. मी डॉक्टर नाही. ॲडमिशन गरजेची होती का, उपचार आजाराला धरून आहेत का, हे तुमच्यातले डॉक्टर ठरवतील आणि त्यांचं मत मी बदलणार नाही. मला पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचं मत मागेन, तेही तुम्हाला सांगून. पैशांचा हिशेब, हॉस्पिटलबरोबरचा करार, वेळ आणि तक्रारी ही माझी जबाबदारी. पुढच्या महिन्याच्या रोस्टरपर्यंत शिफ्टमध्ये मी काहीही बदलणार नाही. आधीच्या साहेबांनी मंजूर केलेल्या रजा कायम आहेत, फक्त त्या मला बुधवारपर्यंत लिहून पाठवा. तुम्हा प्रत्येकाशी या आठवड्यात अर्धा-पाऊण तास बोलेन, तुमच्या शिफ्टच्या वेळेत. त्यासाठी कुणालाही थांबावं किंवा लवकर यावं लागणार नाही. काय बदलायचं हे आज सांगत नाही, कारण मला अजून माहीत नाही. पुढच्या शुक्रवारी सांगेन."

या बोलण्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं की खोटं हे टीमला महिन्याभरात तपासून पाहता येईल. 'माझं दार नेहमी उघडं आहे', 'मला पारदर्शकता आवडते', 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' ही वाक्यं तपासता येत नाहीत, म्हणून लोक ती ऐकून सोडून देतात. 'रजा कायम आहेत' हे मात्र ऑक्टोबरमध्ये बरोबर कळतं. कामाची पद्धत सांगताना हीच कसोटी लावावी. मी अमुक प्रकारची माणूस आहे असं न सांगता, अमुक झालं की मी अमुक करेन असं सांगावं.

तोंडी बोलून झाल्यावर त्याच संध्याकाळी अर्ध्या पानाची मेल पाठवलेली चांगली. मोठमोठ्या आयटी कंपन्यांत काही मॅनेजर आपल्याबरोबर कसं काम करावं याची लांबलचक माहितीपत्रकं लिहितात, आपला स्वभाव, आपल्या चिडी वगैरे. ती वाचताना मला नेहमी वाटतं की टीमने मॅनेजरच्या स्वभावाचा अभ्यास का करावा? अर्ध्या पानात कामापुरतं लिहावं. पेशंट घरी जायला खोळंबलाय आणि फाइल अडलीय, तर फोन करा, रात्री दोनलाही. बाकी सगळं मेलवर, त्याला मी कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर देईन. सुट्टीच्या दिवशी माझी मेल आली तर सोमवारी वाचा. चूक झाली तर हॉस्पिटलची तक्रार येण्याआधी मला तुमच्याकडून कळू द्या; स्वतःहून सांगितलेली चूक आणि तक्रारीतून कळलेली चूक यांत मी फरक करेन. हे शेवटचं वाक्य लिहिणं सोपं आहे. पहिली चूक कुणी येऊन सांगेल तेव्हा मॅडमचा चेहरा कसा होतो, यावर दुसरी चूक त्यांना कळणार की नाही हे ठरतं.

मंगळवारपासून एकेकाच्या भेटी. अकरा जण, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे सव्वाआठ तास. दोन-तीन शिफ्टमध्ये मावतात. सगळ्यांना प्रश्न तेच विचारायचे, नाहीतर उत्तरांची तुलना होत नाही. तुमचा दिवस कशात जातो? कुठे अडकता? आधी कुणी काही शब्द दिला होता का? मी काय बदलू नये? इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या आपल्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात अशा भेटीबद्दल एक कामाची गोष्ट सांगितली आहे. ही भेट हाताखालच्या माणसाची मानावी आणि विषयही त्यानेच ठरवावेत. पहिल्या भेटीत ते पूर्ण जमत नाही, कारण समोरचा अजून अंदाज घेत असतो. पण निम्मा वेळ तरी त्याच्याकडे राहावा. आणि जो पहिल्याच भेटीत दार लोटून हळू आवाजात सहकाऱ्यांची कुंडली मांडायला लागतो, त्याचं ऐकावं, वहीत मात्र फक्त फाइलींबद्दल लिहावं. असा एक जण प्रत्येक ठिकाणी असतो.

भेटींतून सगळं कळत नाही. विशेषतः नकार मिळालेल्या डॉक्टरांबद्दल आणि डॉक्टर नसलेल्या बाईंबद्दल लोक समोरासमोर बोलणार नाहीत. यावर जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेली एक रीत पुढे बऱ्याच कंपन्यांनी उचलली. मॅनेजर खोलीबाहेर जाते. एचआरमधला किंवा दुसऱ्या विभागातला एक जण टीमला विचारतो, यांच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, कशाची काळजी वाटते, त्यांना आपल्याबद्दल काय कळायला हवं? उत्तरं फळ्यावर लिहिली जातात, नावं नाहीत. मग मॅनेजर आत येते, फळा वाचते आणि सगळ्यांसमोर एकेक उत्तर देते. अकरा जणांच्या टीममध्ये अक्षरावरून आणि शब्दांवरून कोण बोललं हे ओळखू येतंच, म्हणून लिहायचं काम बाहेरच्या माणसाने करावं. हे पहिल्याच आठवड्यात करण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केलेलं बरं. पहिल्या आठवड्यात काळजी करण्याइतकीही माहिती लोकांकडे नसते, आणि फळ्यावर 'मॅडमचा अनुभव काय?' एवढंच येतं.

आता प्राधान्यक्रम. इथे मॅडमनी माणसांपेक्षा एका फाइलचा पाठलाग करावा. बुधवारी त्या बिल तपासणाऱ्या एका मुलीशेजारी बसतात आणि डिस्चार्जची एक फाइल पहिल्यापासून बघतात. गुडघ्याचं ऑपरेशन. हॉस्पिटलने अंतिम बिल आणि डिस्चार्ज समरी अपलोड केली ११.४० ला. फाइल उघडली गेली १२.२५ ला, कारण तिच्यापुढे रांग होती. वीस मिनिटं तपासणी झाली. बिलात इम्प्लांट आहे पण त्याचं स्टिकर जोडलेलं नाही, म्हणून १२.४५ ला क्वेरी गेली. हॉस्पिटलने १.३५ ला स्टिकर पाठवलं. उत्तर आलं तशी फाइल रांगेत सर्वांत मागे जाऊन बसली आणि पुन्हा उघडली गेली २.४० ला. दहा मिनिटांत काम संपलं. पण रक्कम टीमच्या मंजुरीच्या मर्यादेबाहेरची होती. आधीचे मॅनेजर गेल्यापासून अशा फाइली मुंबईच्या ऑफिसला जातात, त्यामुळे मंजुरी आली ३.२० ला.

एकूण तीन तास चाळीस मिनिटं. त्यात पुण्यात झालेलं खरं काम तीस मिनिटांचं. हॉस्पिटलने घेतले पन्नास. उरलेली १४० मिनिटं फाइल कुणाच्या ना कुणाच्या रांगेत पडून होती, त्यातली ६५ केवळ उत्तर आलेली फाइल मागे ढकलली गेली म्हणून. टीमला 'लवकर काम करा' म्हणून काही उपयोग नाही. तीस मिनिटांची पंचवीस केली तरी पेशंट पाचच मिनिटं आधी घरी जाणार.

एका फाइलवरून निष्कर्ष काढू नये हे खरं. म्हणून गुरुवारी मागच्या आठवड्यातल्या तीन तासांपलीकडे गेलेल्या फाइली काढायच्या आणि कुठे किती वेळ गेला ते असंच मांडायचं. हॉस्पिटलकडूनच उशीर होतोय असं दिसलं तर प्राधान्य वेगळं ठरेल, कारण मग भेटायला हॉस्पिटलांच्या बिलिंग विभागात जावं लागेल. समजा इथे तसं दिसत नाही, आणि क्वेरी होऊन परत आलेल्या फाइलीच जास्त आहेत. शिवाय बऱ्याच फाइलींत क्वेरी दोनदा गेली आहे: आधी स्टिकर मागितलं, तासाभराने ओटी नोट्स.

पुढच्या शुक्रवारी मॅडम तीनच गोष्टी जाहीर करतात. क्वेरीचं उत्तर आलेली डिस्चार्जची फाइल रांगेत सर्वांत पुढे. एका फाइलला एकच क्वेरी, जे जे हवं ते एकदम मागायचं. त्यासाठी डॉक्टर आणि बिल तपासणारे दोघं फाइल एकत्र बघतील. आणि मोठ्या रकमेची मंजुरी पुण्यातच, प्रत्येक शिफ्टला एका माणसाकडे. ही तिसरी गोष्ट टीमने नव्हे, मॅडमनीच करायची आहे. आपल्या नावाने सिस्टिममध्ये मंजुरीचे अधिकार चालू करून घेणं आणि रात्रीच्या पाळीसाठी ते कुणाला देता येतील हे वरिष्ठांकडून लिहून आणणं. नवी मॅनेजर रुजू होते आणि तिच्या लॉगिनला अधिकार मिळायला पंधरा दिवस लागतात, हे सर्रास घडतं. तोवर टीमच्या दृष्टीने फाइल अडवणारी व्यक्ती तीच असते, मग सोमवारचं भाषण कितीही चांगलं झालेलं असो.

यादीत याखेरीज बरंच असतं. कमी असलेली दोन माणसं, जुनं सॉफ्टवेअर, एका मोठ्या हॉस्पिटलशी चाललेला वाद, रात्रपाळीच्या कॅबची तक्रार. हे सगळं 'प्राधान्य' म्हणून मांडलं की कशालाच प्राधान्य उरत नाही. पण गप्प बसूनही चालत नाही, कारण भेटींमध्ये लोकांनी हेच सांगितलेलं असतं. एकेक नाव घेऊन सांगावं लागतं: कॅबचं मी या महिन्यात बघते, माणसांची मागणी पाठवली आहे आणि उत्तर महिनाअखेरीस येईल, सॉफ्टवेअर या वर्षी बदलणार नाही. 'नाही' हे उत्तरही लोक पचवतात. 'बघू' म्हटलेलं मात्र प्रत्येक जण 'हो' समजून लक्षात ठेवतो.

इतक्या लवकर तीन गोष्टी जाहीर करणं घाईचं नाही का, असा प्रश्न रास्त आहे. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन गॅबारो यांनी नव्या जबाबदारीवर आलेल्या मॅनेजरांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९८५ मध्ये लिहिलं होतं की विभागाची खरी पकड यायला अनेकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो, वर्षावारी लागतो. त्यांनी पाहिलेले मॅनेजर मोठमोठे विभाग सांभाळणारे होते. अकरा जणांच्या टीमला इतका वेळ लागणार नाही. तरी त्यांच्या निरीक्षणाचा इथे उपयोग आहे. पहिल्या काही महिन्यांत मॅनेजर आपल्या ओळखीचे प्रश्न सोडवते, खोलातले बदल नंतर सुचतात. रांगेचा क्रम बदलणं हे ओळखीच्या प्रश्नातलं आहे, आणि चुकलं तर सोमवारी पूर्ववत करता येतं. शिफ्टची फेरमांडणी, डॉक्टरांच्या जबाबदाऱ्या, कुणाला टीम लीडर करायचं हे पूर्ववत करता येत नाही. ते पहिल्या महिन्यात करू नये.

ओळख नीट झाली की नाही याच्या खुणा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतात. साध्या साध्या गोष्टींना लोक "मॅडमना विचारून सांगतो" म्हणायला लागले, तर निर्णय कुणाचा हे कळलेलं नाही. तो भाग पुन्हा, उदाहरणं देऊन सांगावा लागेल. डॉक्टर मंडळी मत लिहिताना जबाबदारी टाळणारी मोघम वाक्यं लिहायला लागली, तर 'तुमचं मत मी बदलणार नाही' यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही, किंवा कुठल्यातरी फाइलमध्ये मॅडमनी ते बदललं आहे. मॅडमकडे येणाऱ्या सगळ्या बातम्या चांगल्याच असतील, तर ते सर्वांत वाईट. आणि तीन तासांपलीकडे गेलेल्या फाइलचं कारण रात्रपाळीतल्या कुणीतरी पहाटे स्वतःहून लिहून ठेवलं असेल, "क्वेरी दोनदा गेली, माझ्याकडून स्टिकर बघायचं राहिलं", तर सकाळी आल्याबरोबर मॅडमनी आधी त्या मेलला उत्तर द्यावं, मग हॉस्पिटलला फोन लावावा.